टाइमलाइन उघडण्याआधी

आज रात्री एडिटिंगला बसू नकोस. मोठ्या काकांचा फोन येऊन गेला असेल, आत्याचा लांबलचक व्हॉइस मेसेज पडला असेल, न्यू जर्सीहून दादाने पहाटे पहाटे सूचना टाकल्या असतील, तरीही नको. तू पाठवलेली आजीवरची फिल्म मी नीट बसून पाहिली आणि घरच्या ग्रुपवरची सगळी मतंही वाचली. फिल्म चांगली झाली आहे गं. आत्याने सांगितलं म्हणून तू काकांचं बोलणं कमी केलंस, काका रुसले म्हणून परत वाढवलंस, मग धाकटे काका म्हणाले आजी कमी दिसते, म्हणून मधेच तिचे फोटो घुसवलेस. आता फोल्डरमध्ये 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल काका' अशा फायली साठल्यात आणि कुणी कुठली पाहिली हे तुलाच सांगता येत नाही. आत्या ज्या फिल्मबद्दल बोलते आहे ती काकांनी पाहिलेलीच नाही, आणि दोघं तावातावाने भांडताहेत.

लग्नाच्या आणि घरगुती फिल्म कापण्यातच माझी इतकी वर्षं गेली, म्हणून एक गोष्ट अगदी ठामपणे सांगते. घरच्या माणसांकडून येणारी बरीचशी मतं टाइमलाइनवर सोडवायची नसतातच. काही फोनवर सुटतात, काही कपाटातल्या कागदपत्रांत सुटतात, काहींसाठी एक वेगळी फाइल पुरते. टाइमलाइनपर्यंत जायला हवीत अशी फार थोडी उरतात. तू मात्र आलेलं प्रत्येक मत थेट कात्रीपाशी नेते आहेस.

आधी काकांचंच घेऊ, कारण तिथे सगळ्यात जास्त तापलंय. काकांनी तुझ्या कॅमेऱ्यासमोर पाऊण तास मुलाखत दिली. आजोबांचं दुकान, बहात्तरचा दुष्काळ, उधारीच्या वह्या, सगळं मन लावून सांगितलं. फिल्ममध्ये त्यातली साडेतीन मिनिटं आली. "माझं निम्मं कापलंस" असं ते म्हणतात तेव्हा त्यांना फिल्म लांबवायची आहे असं तू समजतेस. मला वाटतं त्यांच्या मनात वेगळीच भीती आहे. जे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगितलं, ते आता कायमचं गेलं असं त्यांना वाटतंय. कापलेला भाग कुठेतरी जपून ठेवलेला असतो, हे आपल्या धंद्याबाहेरच्या माणसाला कसं ठाऊक असणार? तेव्हा त्यांची पूर्ण मुलाखत, सुरुवातीचं घसा साफ करणं आणि मधले फोन एवढंच काढून, वेगळी फाइल म्हणून बनव. वर त्यांचं नाव आणि मुलाखतीची तारीख घाल. आत्याची, बाबांची, धाकट्या काकांची, सगळ्यांची तशीच कर. त्यात कापाकापी नसल्यामुळे एका संध्याकाळचं काम आहे. मग काकांना फोन करून सांग, "काका, तुमचं सगळं बोलणं जसंच्या तसं जपलंय, पेन ड्राइव्हवर देते. फिल्ममध्ये फक्त आजीशी जोडलेला भाग ठेवलाय." आधी हे कर, आणि मग फिल्मबद्दल त्यांचं मत विचार. बघ किती वेगळं मत येतं.

आता त्या नऊ ते चौदा मिनिटांच्या भागाकडे वळू, कारण खरा गुंता तिथेच आहे. मी कागदावर चार रकाने आखून चौघांची मतं मिनिटांप्रमाणे मांडली. आत्या म्हणते, काकांचं दुकानपुराण कंटाळवाणं होतं, छाट. काका म्हणतात, दुकानाचं अजून यायला हवं, लोकांना कळत नाही. न्यू जर्सीचा दादा म्हणतो, तिथले फोटो फार भराभर जातात. धाकटे काका विचारतात, फिल्म आजीची आहे की आजोबांची? ग्रुपवर वाचताना वाटतं, चार माणसं चार दिशांना ओढताहेत. पण कागदावर चारही मतं एकाच पाच मिनिटांच्या तुकड्यात येऊन पडतात. तेव्हा मी प्रत्येकाचा उपाय बाजूला ठेवला आणि चौघांना एकाच ठिकाणी काहीतरी खुपतंय एवढंच धरलं.

'अपोकॅलिप्स नाऊ'चे संपादक वॉल्टर मर्च यांनी आपल्या पुस्तकात या बाबतीत डॉक्टरचं उदाहरण दिलंय. रोगी कोपर दुखतं म्हणून सांगतो आणि दुखण्याचं मूळ खांद्यात निघतं. प्रेक्षक ज्या प्रसंगावर बोट ठेवतो, त्याचा दोष बऱ्याचदा त्याच्या आधीच्या एखाद्या प्रसंगात असतो. तुझ्या फिल्ममध्ये नेमकं तसंच झालंय. आजीने शिलाई मशीन घेतलं आणि ब्लाउज-परकर शिवून घर चालवलं, हे चौदाव्या मिनिटाला येतं. म्हणजे आधी पाच मिनिटं दुकान बुडतं, आणि त्या बुडण्याचा आजीशी काय संबंध हे बघणाऱ्याला कळतच नाही. म्हणून आत्याला ते लांबलेलं वाटतं. म्हणूनच काकांना वाटतं की लोकांपर्यंत पोचत नाही, आणि त्यांना सुचणारा उपाय म्हणजे अजून सांगणं. म्हणूनच दादाला फोटो भराभर गेल्यासारखे वाटतात, कारण त्यात काय बघायचं हे त्याला ठाऊक नाही. आणि धाकट्या काकांनी तर रोगाचं नावच सांगितलंय.

माझं ऐक. आजी मशीनच्या चाकावर हात ठेवून "तेव्हा हेच होतं बघ" म्हणते, तो पंचवीस-तीस सेकंदांचा तुकडा काकांच्या बोलण्याच्या आधी आण. मग काकांचं दुकान सुरू होऊ दे. आता दुकानाचं प्रत्येक वाक्य आजीच्या मशीनकडे जातंय असं वाटेल. काकांच्या बोलण्यात उधारीची गोष्ट दोनदा आली आहे, त्यातली एक काढ. वहीच्या पानाचा फोटो आत्ता दोन सेकंद दिसतो, तो पाच सेकंद राहू दे, कारण त्यावर अक्षर आहे आणि अक्षर वाचायला वेळ लागतो. एवढंच. कुणाच्याही सूचनेप्रमाणे लांबी वाढवायची नाही की छाटायची नाही.

जमलं की नाही हे घरातल्या कुणाला विचारू नकोस. घरच्यांना गोष्ट पाठ आहे, ते मनातल्या मनात रिकाम्या जागा भरतात. तुमच्या शेजारच्या काकूंना किंवा तुझ्या एखाद्या मैत्रिणीला फक्त तेवढा भाग दाखव आणि संपल्यावर एकच प्रश्न विचार, "दुकान बंद पडल्यावर घर कशावर चाललं?" त्यांनी चटकन "शिवणावर" म्हटलं की हा भाग झाला, त्याला परत हात लावायचा नाही. त्या अडखळल्या तर मात्र क्रम अजून चुकतोय असं समज.

हे जे मी कागदावर केलं ते तुला प्रत्येक फेरीत करावं लागेल, म्हणून मतं गोळा करण्याची रीतच बदल. ग्रुपवर फिल्म टाकू नकोस. ग्रुपवर आधी जो मोठा माणूस बोलतो त्याच्या मताभोवती बाकीचे जमतात. काही जण मान डोलावतात, काही जण मुद्दाम उलटं बोलतात, आणि तुमची मोठी काकू नुसता अंगठा टाकून गप्प बसते. तिने काय पाहिलं ते तुला कधीच कळत नाही. प्रत्येकाला वेगळं पाठव, आणि पाठवताना साधा व्हिडिओ म्हणून व्हॉट्सॲपवर टाकू नकोस. तिथे चित्र दाबलं जातं आणि मग "फोटो धूसर आहेत" असं मत येतं, जे फिल्मबद्दलचं नसतंच. यूट्यूबवर 'अनलिस्टेड' करून दुवा पाठव, किंवा तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठव. काकांना शक्य तर टीव्हीवर लावून दे. फोनच्या बारक्या स्पीकरवर आजीचं हळू बोलणं ऐकू येत नाही आणि ते संगीतावर चिडतात.

फिल्मच्या कोपऱ्यात वेळ दिसू दे. तू डाविंची रिझॉल्व्ह वापरतेस ना? त्यात Workspace मेनूत Data Burn-In आहे, तिथे टाइमकोड लावता येतो. फक्त त्याआधी टाइमलाइनचा सुरुवातीचा टाइमकोड शून्यावर आण. मुळात तो 01:00:00:00 असतो, आणि मग काका तुला सांगतील की एक तास नवव्या मिनिटाला चूक आहे. बाजूला आवृत्तीचा आकडाही दिसू दे. म्हणजे 'पहिली' बघून दिलेलं मत 'दुसरी'ला लागू होणार नाही.

आणि "कशी वाटली?" असं विचारू नकोस. "काय बदलू?" हा तर त्याहून वाईट प्रश्न. असं विचारलं की ज्याला काहीच खुपलं नव्हतं तोसुद्धा, आपण लक्ष देऊन पाहिली हे दाखवायला, एखादी सूचना शोधून काढतो. त्याऐवजी फोन करून साधं विचार. कुठे लक्ष उडालं, फोनकडे हात गेला? कुठे हा माणूस कोण, हे कळलं नाही? आणि बघताना मनाला लागेल, नको वाटेल असं काही आहे का? लोक मग उपाय सांगत नाहीत, काय जाणवलं ते सांगतात. उपाय तुझा तू शोध, ते तुझं काम आहे. कुणी तरीही "अमुक गाणं घाल" म्हणालं, तर लिहून घे, आणि विचार, "आत्ता तिथे काय खटकतं?" लगेच हो म्हणू नकोस. काकांना फोनवर दिलेला होकार आत्याला दिलेल्या होकाराच्या विरुद्ध निघाला की दोघंही तुला खोटं ठरवतात. "लिहून घेतलं, सगळ्यांचं आलं की एकदम बघते," हे वाक्य पाठ कर.

एकदम बघणं याला फार महत्त्व आहे. शेवटचं मत येईपर्यंत एकही बदल करायचा नाही. तुला वाटतं लगेच केलं की काम हलकं होतं. पण नऊ ते चौदा मिनिटांचं जे झालं ते चारही मतं शेजारी शेजारी ठेवल्यावरच दिसलं. आत्याचं मत आल्या आल्या तू छाटलंस म्हणून काकांचं मत आणखी तिखट आलं.

आता आत्याच्या फोटोचं. ते मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा सविस्तर बोलते. 1990 मधला आत्याच्या लग्नाचा तो फोटो. आत्याला तो नको आहे, कारण शेजारी ते गृहस्थ उभे आहेत आणि त्या लग्नाचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. काकांना तो हवाच आहे, कारण पणजी हसते आहे असा दुसरा फोटो घरात नाही. ग्रुपवर याचं मतदान होऊ लागलं होतं. तसं होऊ देऊ नकोस. अशा फिल्मच्या बाबतीत माझा एक नियम आहे आणि तो मी पहिल्या दिवशीच सगळ्यांना सांगते. स्वतःचा चेहरा, स्वतःचं बोलणं, स्वतःच्या आयुष्यातला प्रसंग, याला प्रत्येकाला नकार द्यायचा पूर्ण हक्क आहे. कारण विचारायचं नाही. पण दुसऱ्याच्या वाट्याला असा नकार कुणालाही देता येणार नाही, मग तो वयाने कितीही मोठा असो. या नियमाने आत्याचा शब्द शेवटचा ठरतो. पाच जणांना फोटो हवा असला तरी तो निर्णय त्या पाच जणांचा नाही.

पण याचा अर्थ पणजी जाते असा नाही. फोटोत ती डाव्या टोकाला आहे, मध्ये काका, आणि नवरा-नवरी उजव्या अर्ध्या भागात. डावा अर्धा भागच चौकटीत घेता येईल. तू तो फोटो फोनने काढलास वाटतं, वर ट्यूबलाइटची चमक आली आहे. तसा मोठा केला तर फाटेल. मूळ फोटो अल्बममधून काढून स्कॅन करून घे आणि स्कॅन करणाऱ्याला 600 डीपीआय सांग. चार बाय सहा इंचाच्या फोटोची रुंदी मग 3600 पिक्सेल येते, आणि फुल एचडी फिल्मला 1920 लागतात. म्हणजे निम्म्याहून थोडा जास्त भाग घेतलास तरी चित्र पुरतं. 300 वर स्कॅन केलास तर अख्खा फोटोच 1800 चा येईल आणि अर्धा कापायला वावच राहणार नाही. मुळात फोटो धुवून आला तेव्हाच पुसट असेल तर 600 नेही त्यात नवं काही येत नाही. पण हा मला स्वच्छ वाटतो. पणजीच्या पदराची किनारसुद्धा दिसते.

मग तेवढाच पाच सेकंदांचा शॉट आत्याला एकटीला दाखव, अख्खी फिल्म नको. "आत्या, असं चालेल का? नको असेल तर हाही काढते." ती हो म्हणाली तर ठेव. नाही म्हणाली तर पणजीशिवाय पुढे जा आणि तो फोटो स्कॅन करून काकांना फ्रेम करून दे. काकांना पणजी हवी आहे, ती त्यांच्या भिंतीवर राहू शकते.

वर्षांवरून जे चाललंय त्यात तर तू पडूच नकोस. दुकान एकाहत्तरला बंद झालं की त्र्याहत्तरला, हे कुणाच्या आवाजाच्या जोरावर ठरत नाही. दुकानाचा परवाना असेल, काकांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तारीख असेल, फोटोच्या पाठीवर कुणीतरी पेन्सिलने लिहिलेलं असेल. काकूला कपाट उघडायला सांग. कागद सापडला तर कागद म्हणेल ते. नाही सापडला तर वर्ष काढून टाक आणि 'दुष्काळाच्या दिवसांत' असं लिही. फिल्मला तेवढं पुरतं, आणि दोघं भाऊ आपापल्या जागी बरोबर राहतात.

नावांच्या यादीचंही एकदाच ठरवून टाक. शेवटच्या पाटीवर नावं वयाप्रमाणे घातलीस तर सुना कुठे, जावई कुठे यावरून पुन्हा फोन सुरू होतील. वर्णमालेच्या क्रमाने घाल आणि पाटीवरच बारीक अक्षरात तसं लिही. श्री., सौ. काहीच नको. गेलेल्यांच्या नावाआधी मात्र 'कै.' हवं, ते विसरलं तर लोकांना खरंच दुखतं.

गाण्यावरची तीन मतं मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण त्यांना तितकं वजन नाही. एवढं लक्षात असू दे की जुन्या चित्रपटातलं गाणं घातलंस तर यूट्यूबवर हक्काचा दावा येऊ शकतो आणि आवाज बंद होऊ शकतो. दादाला तिकडे दाखवायची असली तर पंचाईत होईल. बाकी आवडीनिवडीचं काय ते एकाच माणसाने ठरवावं.

तो एक माणूस कोण, हे मात्र तुला लगेच ठरवावं लागेल. मोठे काका नकोत, आत्या नको, दोघंही वादात आहेत. तुझे बाबाही नकोत, कारण मग तू आपल्या घरचंच ऐकलंस असं होईल. तू स्वतः तर नकोसच, तू सगळ्यांत लहान आहेस आणि तुला सगळ्यांकडे जेवायला जायचं आहे. मला विचारशील तर मोठी काकू. चाळीस वर्षांपूर्वी त्या घरात आली, प्रत्येकाचं सगळं तिला ठाऊक आहे, पण भावाभावांच्या जुन्या हिशेबात तिचं नाव नाही. ग्रुपवर ती गप्प असते म्हणून तिला मत नाही असं समजू नकोस. तिच्याकडे जा, फिल्म तिच्याबरोबर बसून बघ, आणि विचार की शेवटचा शब्द तुझा असेल असं सगळ्यांना सांगू का? ती तयार झाली तर काकांना ते तिनेच सांगू दे. यापुढे मतं तुझ्याकडे येतील, पण दोन मतं एकमेकांवर आदळली की निकाल काकू देईल आणि तू कापशील. "काकूशी बोलते" एवढं म्हणायची सोय झाली की तुझा निम्मा ताण उतरेल.

आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचा वाईचा सोहळा तीन आठवड्यांवर आहे ना? मग फेऱ्या दोनच होऊ शकतात. पहिली फेरी या रविवारी रात्री संपेल. त्यात कुणीही काहीही बोलू दे, क्रम, लांबी, गाणी, सगळं. पुढच्या आठवड्यात तू एकदाच कापशील. मग दुसरी फेरी दोन दिवसांची, आणि त्यात फक्त तीन गोष्टी विचारायच्या. नाव किंवा नातं चुकलंय का, वर्ष-गाव चुकलंय का, आणि कुणाला काही लागलंय का. दुसऱ्या फेरीत "मधला भाग छोटा कर" असं आलं तर ते स्वीकारायचं नाही. निष्ठुरपणे नव्हे, पण नाही. त्यानंतर कुलूप. आम्ही याला पिक्चर लॉक म्हणतो. त्या क्षणापासून चित्र एक फ्रेमही पुढे-मागे होत नाही.

कुलूप का लागतं ते काकांना समजावून सांगता यावं म्हणून सांगते. कुलूप लागल्यावर तू आवाज सारखे करशील, आजीच्या बोलण्याखालचं संगीत हळू करशील, नातवंडांसाठी इंग्रजी सबटायटल्स लावशील. हे सगळं चित्राच्या वेळेला बांधलेलं असतं. सहाव्या मिनिटाला चार सेकंद काढलेस तर पुढची सगळी सबटायटल्स चार सेकंद उशिरा येतील, आजीचं हसणं एकीकडे आणि संगीताचा उठाव दुसरीकडे पडेल, आणि शेवटपर्यंत परत ऐकून दुरुस्त करावं लागेल. काकांना चार सेकंद दिसतात, तुझी अख्खी रात्र जाते. हे त्यांना सांगितलं की कळतं, त्यांनी दुकान चालताना पाहिलेलं आहे. लॉकनंतर नावाच्या पाटीतली चूक मात्र दुरुस्त कर, कितीही उशीर झाला तरी. पाटीची लांबी तेवढीच ठेवायची, म्हणजे मागचं काही हलत नाही.

ग्रुपवर टाकायला मजकूर लिहून देते, तुझ्या शब्दांत बदलून घे.

"सर्वांना नमस्कार. आजीच्या फिल्मवर सगळ्यांनी वेळ काढून मतं दिली, ती मी एकत्र लिहून ठेवली आहेत. अजून ज्यांना सांगायचं असेल त्यांनी रविवारी रात्रीपर्यंत मला फोन करावा, ग्रुपवर नको, म्हणजे काही निसटणार नाही. स्वतःचा फोटो किंवा बोलणं नको असेल तर मला एकटीला सांगावं, मी काढेन. दोन मतं वेगळी पडली तर शेवटचा निर्णय मोठी काकू देणार आहे. सगळ्यांच्या पूर्ण मुलाखती मी वेगळ्या जपल्या आहेत, त्या सोहळ्याच्या दिवशी पेन ड्राइव्हवर मिळतील."

यात "तुम्ही सगळे वेगवेगळं सांगता" असा सूर कुठेही येऊ देऊ नकोस. त्यांनी मतं दिली ती आजीवरच्या मायेनेच.

तू विचारलं होतंस, आजीला आधी दाखवायची का. सगळे म्हणतात, तिच्यासाठी सरप्राइज आहे, सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी हॉलमध्येच बघू दे. पण स्वतःच्या चेहऱ्याचा आणि बोलण्याचा हक्क आत्याला असेल तर आजीला आधी हवा. आजोबांच्या शेवटच्या आजारपणाबद्दल ती तुझ्याशी बोलली तेव्हा स्वयंपाकघरात तुम्ही दोघीच होतात. दीडशे माणसांसमोर पडद्यावर ते ऐकायला तिला चालेल का, हे तिच्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही, काकूसुद्धा नाही. फिल्म दाखवू नकोस. दुपारी ती एकटी असताना तिच्या बोलण्याचे जे पाच-सहा तुकडे घेतलेस तेवढेच लॅपटॉपवर लाव, संगीत न लावता, आणि प्रत्येकानंतर विचार, "हे सगळ्यांसमोर असू दे?" तिने एखाद्याला नको म्हटलं तर कुलूप लागायच्या आधी कळेल, आणि तो तुकडा तिच्या वेगळ्या फाइलमध्ये राहील. हे या रविवारच्या आत कर. बाकीच्यांची मतं त्यानंतर वाच.